चटणी कांडपाच्या यंत्राचे पैसे किती वर्षांत वसूल होतात? साधा पेबॅक आणि डिस्काउंटेड पेबॅक

मंगळवारपेठ_कांडप

सर्वांना नमस्कार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचे चटणी कांडप आणि मसाल्याचे छोटे दुकान आहे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ब्याडगी, संकेश्वरी मिरचीची पोती घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची एवढी गर्दी होते की एप्रिलमध्ये आम्हाला रोज काही जणांना परत पाठवावे लागते. म्हणून जुने यंत्र तसेच ठेवून शेजारी दुसरे, मोठे कांडप यंत्र आणि मिरची-मसाला भाजण्याचे यंत्र असा संच घेण्याचा विचार आहे.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये संचाची किंमत ४,२०,००० रुपये आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे की वर्षाला १,५०,००० रुपये सुटतात, म्हणजे पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. माझी मुलगी वाणिज्य शाखेत शिकते. तिचे म्हणणे असे की हा साधा पेबॅक झाला आणि पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणून डिस्काउंटेड पेबॅक काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये. कर्ज बँकेकडून १२ टक्क्यांनी मिळेल. या दोन हिशेबांत दुकानदाराने कोणता धरावा आणि दोहोंत इतका फरक खरोखर पडतो का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_व्यापारी_लक्ष्मीपुरी

दादा, मी गेली कित्येक वर्षे लक्ष्मीपुरीत धान्य आणि मिरचीचा व्यापार करतो. आमच्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: घातलेली रक्कम किती दिवसांत हातात परत येते? त्याचे उत्तर साधा हिशेब देतो. उद्याचा रुपया आज किती, हे गणित मोठ्या कारखान्यांना शोभते. आपल्या धंद्यात तीन वर्षांच्या आत पैसे निघत असतील तर यंत्र घ्यावे, त्यापेक्षा जास्त लागत असतील तर मिरचीच भरून ठेवावी. मात्र विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नका. स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसा.

हिशेब_राजारामपुरी

लक्ष्मीपुरीच्या काकांचे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कोणतीही पद्धत वापरली तरी आत घातलेले आकडे चुकीचे असतील तर उत्तरही चुकीचेच येणार. मी लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि कोटेशनवरच्या अशा वसुलीच्या ओळीत बहुधा दोन गोष्टी गळालेल्या आढळतात.

पहिली म्हणजे एकूण खर्च. यंत्राची किंमत हा त्याचा एक भाग झाला. पाया, वायरिंग, महावितरणकडे वाढीव भार घेण्याचा खर्च, वाहतूक आणि बसवणूक हे सगळे पहिल्याच दिवशी खिशातून जाते. शिवाय आपण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर यंत्रावर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही आणि तो करही खर्चातच धरावा लागतो.

दुसरी म्हणजे १,५०,००० हा आकडा कोणत्या वर्षाचा आहे. तो बहुधा चांगला जम बसल्यानंतरच्या एखाद्या वर्षाचा असतो, पहिल्या वर्षाचा नसतो. आपण कृपया दोन गोष्टी सांगाल का? नव्या यंत्रामुळे नेमके किती किलो काम जास्तीचे होईल, म्हणजे आज जुन्या यंत्रावर होणारे काम वगळून? आणि त्यातून वीज, मजुरी, गॅस, दुरुस्ती वजा जाता दरवर्षी किती उरेल?

मंगळवारपेठ_कांडप

ताई, काल रात्री बसून मांडले. कराचा अंतर्भाव कोटेशनच्या रकमेतच आहे. पाया, वायरिंग, वाढीव भार आणि वाहतूक मिळून ६०,००० होतात, म्हणजे एकूण ४,८०,००० रुपये.

जम बसल्यावर हंगामात १०,००० किलो जास्तीचे काम होईल असा अंदाज आहे. परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांची वही मी गेल्या हंगामात ठेवली होती, त्यावरून हा आकडा काढला आहे. भाजणीसह सरासरी ३५ रुपये किलोने ३,५०,००० रुपये येतील. त्यातून वीज ७०,०००, हंगामी कामगार ८०,०००, भाजणीचा गॅस २५,००० आणि पट्टे, बेअरिंग, झिजणारे भाग यांसाठी २५,००० असे दोन लाख वजा केले की दीड लाख उरतात. म्हणजे विक्रेत्याचा आकडा खोटा नाही, पण तो तिसऱ्या वर्षापासूनचा आहे. पहिल्या वर्षी लोकांना माहिती होईपर्यंत ९०,००० आणि दुसऱ्या वर्षी १,३०,००० धरतो. पुढे तीन वर्षे दीड लाख. सहाव्या वर्षी दुरुस्ती वाढून १,२०,००० आणि सातव्या वर्षी १,००,०००. त्यानंतर यंत्र मोठ्या दुरुस्तीला येते, म्हणून सातच वर्षे धरतो.

हिशेब_राजारामपुरी

परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही ठेवलीत हे फार चांगले केलेत. जास्तीच्या कामाचा यापेक्षा भक्कम पुरावा दुकानदाराकडे असू शकत नाही.

आता आपल्याच आकड्यांवर दोन्ही हिशेब करू. साध्या हिशेबात पहिल्या तीन वर्षांचे ३,७०,००० होतात. उरलेले १,१०,००० चौथ्या वर्षाच्या दीड लाखांतून निघतात. म्हणजे तीन वर्षे नऊ महिने. विक्रेत्याच्या पावणेतीनपासून इथपर्यंत येण्यात डिस्काउंटिंगचा काहीही संबंध नाही. फक्त पूर्ण खर्च आणि खरी वर्षे धरल्याने एक वर्ष वाढले.

दुसऱ्या हिशेबात प्रत्येक वर्षाची रक्कम १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायची. वर्षाअखेर मिळणारे ९०,००० आज ८०,४०० इतके भरतात, कारण ८०,४०० आज १२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने ते साधारण ९०,००० होतात. शंभराच्या पटीत आकडे असे येतात:

| वर्ष | उरलेली रोख | आजच्या किमतीत | आजवरची बेरीज |
|---|---|---|---|
| १ | ९०,००० | ८०,४०० | ८०,४०० |
| २ | १,३०,००० | १,०३,६०० | १,८४,००० |
| ३ | १,५०,००० | १,०६,८०० | २,९०,८०० |
| ४ | १,५०,००० | ९५,३०० | ३,८६,१०० |
| ५ | १,५०,००० | ८५,१०० | ४,७१,२०० |
| ६ | १,२०,००० | ६०,८०० | ५,३२,००० |
| ७ | १,००,००० | ४५,२०० | ५,७७,२०० |

पाचव्या वर्षाअखेर ८,८०० रुपये कमी पडतात आणि ते सहाव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात भरून निघतात. म्हणून डिस्काउंटेड पेबॅक पाच वर्षे दोन महिने आला. फरक जवळजवळ दीड वर्षाचा आहे.

संगणकावर करायचे असल्यास पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात रोख आणि `E1` मध्ये दर ठेवून तिसऱ्या स्तंभात हे सूत्र खाली ओढत न्यावे:

```
=B2/(1+$E$1)^A2
```

वाणिज्य_शाखा

माझे मत थोडे वेगळे आहे. यंत्रासाठी कर्ज काढणार आहेत, मग त्याचे व्याज खर्चात का धरलेले नाही? चार लाख ऐंशी हजारांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३,६०,००० कर्ज पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर एकूण व्याज १,२०,००० च्या आसपास जाते. मी प्रत्येक वर्षाच्या रोख रकमेतून त्या वर्षीचे व्याज वजा केले आणि मग आजच्या किमतीत आणले. डिस्काउंटेड पेबॅक सहा वर्षे अकरा महिने आला. यंत्राचे आयुष्य सात वर्षे, म्हणजे हाती काहीच उरत नाही. माझ्या मते हा व्यवहार करू नये. शिवाय घसाराही वजा केला तर तेवढीही वसुली होणार नाही.

हिशेब_राजारामपुरी

आपला व्याजाचा आकडा बरोबर आहे आणि व्याज हा खरा खर्च आहे हेही बरोबर. पण ते येथे दोनदा वजा झाले आहे. रोख रक्कम १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतो तेव्हा गुंतलेल्या पैशावर दरवर्षी १२ टक्के द्यावे लागणार हे आपण धरूनच चालतो. ९०,००० चे ८०,४०० झाले, त्यातला ९,६०० चा फरक हेच त्या ८०,४०० वरचे वर्षाचे व्याज. त्याआधी पुन्हा व्याज काढून घेतले की तोच खर्च दुसऱ्यांदा कापला जातो आणि चांगला व्यवहारही बुडीत दिसतो.

घसाऱ्याचेही तसेच आहे. यंत्राचे ४,८०,००० आपण पहिल्या दिवशी पूर्ण धरले, तेव्हा त्याचेच तुकडे दरवर्षी वजा करायचे नसतात. घसाऱ्याने आयकर कमी होतो, तेवढाच त्याचा रोख रकमेशी संबंध.

जुना_व्यापारी_लक्ष्मीपुरी

हे समजले. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. साधा हिशेब पावणेचार म्हणतो, दुसरा पाच वर्षे दोन महिने म्हणतो. दुसरा नेहमीच जास्त येणार हे उघड आहे. मग साध्या आकड्यात सरसकट दीड वर्ष मिळवून मोकळे व्हावे. एवढा तक्ता कशासाठी?

हिशेब_राजारामपुरी

काका, दुसरा आकडा नेहमी जास्त येतो हे खरे आहे, पण किती जास्त येतो हे पैसे केव्हा येतात यावर ठरते. सुरुवातीलाच भरघोस देणाऱ्या यंत्रात हे अंतर काही महिन्यांचे असते, उशिरा देणाऱ्यात ते दोन-तीन वर्षांवर जाते. आणि काही यंत्रांत दुसरा आकडा येतच नाही.

याच यंत्रात एक गोष्ट करून पाहा. समजा शेजारच्या गल्लीत कुणी दुसरे कांडप सुरू केले आणि दरवर्षीची रोख १५ टक्क्यांनी घटली. साधा पेबॅक तीन वर्षे नऊ महिन्यांवरून चार वर्षे चार महिने होतो. सात महिन्यांचा फरक पाहून कुणीही म्हणेल की ठीक आहे, सोसता येईल. डिस्काउंटेड पेबॅक मात्र पाच वर्षे दोन महिन्यांवरून सहा वर्षे नऊ महिन्यांवर जातो. एकोणीस महिने वाढले आणि यंत्राच्या सात वर्षांच्या आयुष्याला तो अगदी टेकला.

असे का होते ते तक्त्याच्या तिसऱ्या स्तंभात दिसते. तिसऱ्या वर्षी आजच्या किमतीत १,०६,८०० जमा होतात, सातव्या वर्षी फक्त ४५,२००. शेवटच्या वर्षांत बेरीज इतकी हळू चढते की थोडी जरी तूट आली तरी ती भरून निघायला फार काळ लागतो. साधा हिशेब पाचव्या वर्षाचा दीड लाख आणि तिसऱ्या वर्षाचा दीड लाख एकच मानतो, त्यामुळे ही तूट तो फार सौम्य दाखवतो.

म्हणून मी तरी पावणेचार आणि पाच वर्षे दोन महिने या आकड्यांची आपसांत तुलना करीत बसत नाही. डिस्काउंटेड आकड्यापासून यंत्राच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत किती जागा उरते ते पाहते. येथे जागा एक वर्ष दहा महिन्यांची आहे आणि आजच्या किमतीत ९७,२०० रुपये शिल्लक पडतात. दरवर्षीच्या रोख रकमेत १५ टक्के घट आली तर ही जागा जवळपास संपते. तेव्हा आपली परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही किती खरी, यावर हा निर्णय टेकलेला आहे.

सुभाषनगर_चप्पल

मला वाटते आपण सर्वजण उगाच गुंतागुंत करीत आहात. बँक पाच वर्षांचे कर्ज देते, म्हणजे पेबॅक पाच वर्षे. कर्ज फिटले की यंत्र आपले. माझ्या कारखान्यात आम्ही कोल्हापुरी चपलांचे तळ हाताने कापतो. तळ कापण्याचे प्रेस यंत्र १,८०,००० ला मिळते आहे आणि त्याने वर्षाला मजुरीचे २०,००० वाचतील. बँक पाच वर्षांत फेडा म्हणते. तर माझा पेबॅक पाच वर्षे धरायचा ना?

हिशेब_राजारामपुरी

नाही दादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज किती वर्षांत फेडायचे हे बँक ठरवते. यंत्र स्वतःच्या कमाईतून आपली किंमत किती वर्षांत काढते हे यंत्राच्या कामावर ठरते. आपले यंत्र वर्षाला २०,००० वाचवते, म्हणजे साधा पेबॅक नऊ वर्षे. पाच वर्षांत बँकेचे कर्ज फिटेल हे खरे, पण ते फेडण्यासाठी पैसे आपल्याला चपलांच्या बाकीच्या कमाईतून घालावे लागतील.

आणि आपल्या यंत्राच्या बाबतीत दुसरा हिशेब साध्या हिशेबाहून अगदीच निराळे बोलतो. १२ टक्के दराने दरवर्षी सारखे २०,००० रुपये अगदी कायम मिळत राहिले तरी त्या सगळ्यांची आजची किंमत २०,००० भागिले ०.१२, म्हणजे सुमारे १,६६,७०० होते. यंत्र १,८०,००० चे आहे. म्हणजे ते शंभर वर्षे चालले तरी १२ टक्क्यांच्या पैशाची भरपाई करणार नाही. रोख दरवर्षी सारखीच असेल तर १२ टक्क्यांना ही सीमा आठ वर्षे चार महिन्यांची आहे. साधा पेबॅक त्याहून लांब असला की डिस्काउंटेड पेबॅक अस्तित्वातच नसतो. साधा हिशेब मात्र नऊ वर्षे असे एक नेमके उत्तर देतो आणि ते वाचून वाटते की दहाव्या वर्षापासून फायदा सुरू होईल.

सुभाषनगर_चप्पल

पण मजुरी दरवर्षी वाढते. आज २०,००० वाचले तरी पाच वर्षांनी त्याच कामाचे ३०,००० वाचतील. ते का धरायचे नाही? आणि हाताने तळ कापणारे कारागीर दरवर्षी कमी होत चालले आहेत. ते मिळालेच नाहीत तर काय करायचे?

हिशेब_राजारामपुरी

आपला मुद्दा रास्त आहे. बँकेच्या १२ टक्क्यांत महागाई आधीच मिसळलेली असते, त्यामुळे रोख रक्कम आजच्याच दरात गोठवून ठेवणे म्हणजे यंत्रावर अन्याय करणे होय. मजुरी खात्रीने वाढणार असेल तर ती वाढ प्रत्येक वर्षाच्या आकड्यात घालावी. कारागीर न मिळण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. तेव्हा आपण २०,००० ची बचत मोजत नसून ऑर्डर पुरी न करता येण्याचे नुकसान मोजत असतो. तो आकडा आपणच काढू शकाल.

मंगळवारपेठ_कांडप

मग मीही कांडपाचा दर वाढत जाईल असे धरावे का? गेल्या काही वर्षांत दर वाढलेला आहे.

जुना_व्यापारी_लक्ष्मीपुरी

मी धरणार नाही. मजुरी आणि वीज नक्की वाढते. तुमचा दर मात्र गिऱ्हाईक आणि शेजारचा कांडपवाला मिळून ठरवतात. आता शहरातली कितीतरी घरे वर्षाची चटणी करीत नाहीत, पाकीट आणतात. खर्च वाढीव धरा आणि दर आजचाच ठेवा.

हिशेब_राजारामपुरी

येथे मी काकांशी पूर्ण सहमत नाही. खर्च फुगवायचा आणि उत्पन्न गोठवायचे असे केले तर कोणतेच यंत्र घेण्याजोगे उरणार नाही. तरीही कांडपाचा दर खर्चाच्या मागे दोन-तीन वर्षे रेंगाळत वाढतो हे मीही पाहिले आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वेगाने वाढवणेही बरोबर नाही. प्रत्येकाने आपल्या पेठेचा अंदाज घ्यावा.

शाहूपुरीकर

मी या चर्चेत साध्या पेबॅकच्या बाजूने बोलणार आहे. माझे झेरॉक्स आणि प्रिंटिंगचे दुकान शाहूपुरीत सखल भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी आमच्या भागात शिरले. दोन वर्षांत दोनदा. मोटर, बोर्ड, रोलर यांत गाळाचे पाणी गेले की यंत्राचे सात वर्षांचे आयुष्य कागदावरच राहते. त्यानंतर मी एकच नियम केला आहे: खालच्या गाळ्यात ठेवायच्या यंत्राचे पैसे दोन वर्षांत मोकळे व्हायला हवेत, नाहीतर ते घ्यायचे नाही. मला उद्याच्या रुपयाची आजची किंमत नको आहे, माझी रक्कम धोक्यात किती काळ राहते ते हवे आहे. आणि प्रिंटिंगमध्ये पूर आला नाही तरी चार वर्षांत यंत्र जुने होते.

हिशेब_राजारामपुरी

आपल्या जागेसाठी हा नियम मला योग्य वाटतो. दोन वर्षांच्या आत पैसे निघत असतील तर दोन्ही आकड्यांत थोड्याच महिन्यांचा फरक पडतो, त्यामुळे साधा हिशेब तेथे पुरतो. काहीजण पुराच्या धोक्यासाठी दर वाढवून १२ चा १५ करतात. मंगळवार पेठेच्या यंत्राला १५ टक्के लावले तर पाच वर्षे दहा महिने येतात. पण दर वाढवल्याने पूर मोजला जातो असे मला वाटत नाही. तो एका वर्षी येतो आणि सगळे नेतो. त्याला विमा, उंच पाया आणि आपण सांगता तशी कालमर्यादा हेच उपाय आहेत.

मात्र अशा कडक मर्यादेची एक किंमत आहे. दोन वर्षांच्या नियमाने मंगळवार पेठेचे यंत्र पहिल्याच चाळणीत बाद होईल आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षाची कमाई कुणी पाहणारही नाही. खरे तर दोन्ही पेबॅक वसुलीच्या क्षणी थांबतात, पुढे यंत्र एक वर्ष चालो की दहा. त्यापुढचे समजण्यासाठी तक्त्याचा शेवटचा आकडा, आपल्या उदाहरणात ९७,२००, पाहावा लागतो.

वाणिज्य_शाखा

व्याज दोनदा कापले जाते हे पटले. पण एक शंका उरते. १२ टक्के हा फक्त कर्जाचा दर आहे. स्वतःचे १,२०,००० घालणार, त्यांना बँकेच्या ठेवीचा दर लावायचा का?

जुना_व्यापारी_लक्ष्मीपुरी

दुकानदार आपला पैसा ठेवीत ठेवतो कुठे? फेब्रुवारीत मिरची भरून पावसाळ्यानंतर विकली तर चांगल्या वर्षी ठेवीपेक्षा कितीतरी जास्त सुटते. वाईट वर्षी मुद्दलही हलते. त्यांनी हा पैसा यंत्रात घातला नाही तर कशात घातला असता, तो दर धरावा.

हिशेब_राजारामपुरी

येथे काकांनी अचूक सांगितले.

आणखी एक गोष्ट, जी या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. ३,६०,००० चा पाच वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ८,००० होतो, म्हणजे वर्षाला ९६,१००. आपली पहिल्या वर्षाची रोख ९०,००० आहे. म्हणजे पाच वर्षे दोन महिन्यांत वसूल होणारे यंत्र पहिल्या वर्षी स्वतःचा हप्ताही भरू शकत नाही. शिवाय ९०,००० येतात चार महिन्यांत आणि हप्ता जातो बारा महिने. जूनपासून जानेवारीपर्यंतच्या आठ हप्त्यांचे ६४,००० मेअखेर वेगळे काढून ठेवले नाहीत तर गणपती-दिवाळीत ओढाताण होईल. बँकेला हंगामानुसार हप्ते बांधून देता येतात का, ते कर्ज घेण्याआधीच विचारावे.

मंगळवारपेठ_कांडप

ताई, हंगामाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तक्त्यात सगळी रोख वर्षाअखेर धरली आहे. मी जानेवारीत पैसे दिले तर कमाई मेपर्यंतच हातात येते. मग वसुली लवकर दिसायला नको का?

हिशेब_राजारामपुरी

दिसेल. वर्षाअखेरची पद्धत आपल्या धंद्याला थोडी कडक पडते. पैसे मेअखेरीस आले असे धरून मोजले तर डिस्काउंटेड वसुली पाचव्या हंगामातच पुरी होते, सहाव्याची वाट पाहावी लागत नाही. साध्या हिशेबाने ती चौथ्या हंगामात होते. खरे तर आपल्यासारख्या हंगामी धंद्यात महिने मोजण्यापेक्षा हंगाम मोजणेच योग्य आहे, कारण जून ते जानेवारी हे यंत्र फारसे काही वसूल करीत नाही.

मंगळवारपेठ_कांडप

विक्रेता म्हणतो की जुलैमध्येच घेतले तर १५,००० रुपये सूट देतो, कारण पावसाळ्यात त्याच्याकडे मागणी नसते. घ्यावे का? साध्या हिशेबात तर किंमत कमी झाल्याने पेबॅक कमीच दिसतो.

हिशेब_राजारामपुरी

साध्या हिशेबात तसेच दिसणार, कारण त्याला जुलै आणि फेब्रुवारीमधले अंतर कळत नाही. सूट वजा जाता ४,०५,००० रुपये आपण सात महिने आधी देता आणि त्या सात महिन्यांत यंत्र जवळजवळ काहीच कमावत नाही. महिना एक टक्का धरला तरी त्या पैशाचे २८,००० च्या पुढे जातात. १५,००० मिळवण्यासाठी २८,००० द्यायचे. शिवाय हमीचे वर्ष बसवणुकीपासून मोजले जात असेल तर त्यातले सात महिने यंत्र बंद असतानाच संपतील. त्याला सांगावे की आगाऊ रक्कम थोडी देऊन आजचा भाव पक्का करतो, यंत्र जानेवारीत उतरवा आणि बाकीचे पैसे तेव्हा घ्या.

जुना_व्यापारी_लक्ष्मीपुरी

आणि तो मानला नाही तर सूट ३०,००० वर आणा. पावसाळ्यात त्याच्याही गोदामात पैसा अडकलेला असतो, त्यालाही हाच हिशेब लागू आहे.

मंगळवारपेठ_कांडप

दोन्ही गोष्टी विचारतो. वाढीव भारासाठीचा अर्ज मात्र आताच देतो, कारण वीजजोडणी फेब्रुवारीनंतर मिळाली तर पहिल्या वर्षाचे ९०,००० धरण्यात अर्थ उरणार नाही. जुने यंत्र पाच वर्षांनी मोडीत काढावे लागले तर त्यावरचे कामही नव्या यंत्रावर येईल. ते या तक्त्यात कसे धरायचे, हे मला अजून उलगडलेले नाही.

हिशेब_राजारामपुरी

जुने यंत्र पाच वर्षांनी जाणारच असेल तर आज हा संच घेतला नसता तेव्हा आपण काय केले असते, ते आधी ठरवावे लागेल. तेव्हा दुसरे जुने यंत्र दुरुस्त करून आणले असते की ते काम सोडून दिले असते, यावर पुढचे आकडे बदलतात. जुन्या यंत्राची किलोवार वही असेल तर ती येथे टाका, मग मांडून पाहू.